संकष्टीच्या दिवशीचे अधिवेशन : पाहुण्यांच्या आवडीनिवडींपासून केटररच्या ताटांपर्यंत

कार्यक्रमाच्या नोंदणी फॉर्मवर एक ठरलेला प्रश्न असतो: "आहार: शाकाहारी / मांसाहारी / जैन." लोक खूण करतात, आयोजक बेरीज करतात आणि केटररला सांगतात, "एकशेचाळीस व्हेज, साठ नॉनव्हेज, वीस जैन." हे आकडे बरोबर असूनही जेवणाच्या वेळी एका काउंटरला भांडे रिकामे होते आणि दुसऱ्या काउंटरला भरलेले पातेले परत जाते. फॉर्मवरचे उत्तर माणसाबद्दलचे असते आणि केटररला स्वयंपाक करायचा असतो ठरावीक वेळच्या जेवणाचा, हे त्याचे कारण. एरवी मटण खाणारा माणूस संकष्टीला दुपारी साबुदाण्याची खिचडी खातो आणि रात्री चंद्र उगवल्यावर वरणभात. त्याने 'मांसाहारी'वर केलेली खूण त्या दिवसापुरती निरुपयोगी ठरते.

म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन शेवटपर्यंत नेले आहे. एका व्यावसायिक संघटनेचे जानेवारीतले दोन दिवसांचे अधिवेशन, नाशिकला गंगापूर रोडवरच्या सभागृहात. शनिवारी नाश्ता, दुपारचे आणि रात्रीचे जेवण. रविवारी नाश्ता आणि दुपारचे जेवण. नोंदणी २२० जणांची, काही नाशिकचे, काही बाहेरगावचे. शनिवारी संकष्टी चतुर्थी. आकडे उदाहरणाचे आहेत, पण जी गणिते आणि अडचणी येतात त्या खऱ्याच.

तारीख ठरली की आधी पंचांग

फॉर्म बनवण्यापूर्वी दोन्ही दिवसांची तिथी पाहावी. संकष्टी, एकादशी, श्रावणातला सोमवार, महाशिवरात्र हे सगळे उपवास जेवणाच्या दृष्टीने सारखे नसतात. एकादशीचा उपवास दोन्ही वेळचा असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुटतो. तेव्हा शनिवारी एकादशी असेल तर दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा फराळ लागेल. श्रावणी सोमवार बहुतेक जण संध्याकाळी सोडतात. संकष्टी सुटते चंद्रोदयानंतर. त्यामुळे आपल्या उदाहरणात दुपारी फराळ आणि रात्री पूर्ण जेवण, पण उशिरा. चंद्रोदयाची वेळ नाशिकची घ्यावी. समजा ती ९ वाजून ८ मिनिटे आहे.

त्याच संध्याकाळी दुसरे टोक जैन मंडळींचे असते. चौविहार पाळणारे सूर्यास्तानंतर काहीच घेत नाहीत, पाणीही नाही. जानेवारीत नाशिकला सूर्य साधारण सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे त्यांचे ताट साडेपाचला वाढले गेले पाहिजे. एकाच 'रात्रीच्या जेवणा'च्या अशा तीन वेळा होतात: साडेपाच, आठ आणि सव्वानऊ. हे फॉर्म बनवण्याआधी कळले तरच फॉर्मवर नीट विचारता येते, आणि मुख्य म्हणजे कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी संध्याकाळचे सत्र सव्वापाचला संपवता येते. पत्रिका छापून झाली आणि सत्र सहापर्यंत चालणार असेल, तर जैन जेवणाचा आकडा कितीही अचूक असला तरी ते ताट कोणी खाणार नाही.

फॉर्ममध्ये माणसाला नाही, जेवणाला प्रश्न

गूगल फॉर्म असो की कागद, प्रत्येक जेवणासाठी एक प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर. आपल्या अधिवेशनातला शनिवार दुपारचा प्रश्न असा:

"शनिवारी संकष्टी आहे. दुपारच्या जेवणाला तुमच्यासाठी काय ठेवायचे?" पर्याय: उपवासाचा फराळ; जैन जेवण (कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे नाहीत); कांदा-लसूण नसलेले, बटाटा चालेल; नेहमीचे शाकाहारी; या जेवणाला मी नाही.

'या जेवणाला मी नाही' हा पर्याय सगळ्यात महत्त्वाचा. बरेच जण नोंदणी दोन दिवसांची करतात, पण शनिवारी रात्री घरी जेवतात किंवा रविवारी नाश्ता करून परतीच्या गाडीला निघतात. हे विचारलेच नाही तर २२० हा आकडा पाचही जेवणांना चिकटतो.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांना जैन पर्यायात ढकलू नये. वारकरी, स्वामिनारायण पंथातले, काही ब्राह्मण घरांतले लोक कांदा-लसूण टाळतात पण बटाट्याची भाजी आनंदाने खातात. जेवण पुढे एकत्र करता येते, ते आपण मोजताना करू. पण विचारताना वेगळेच विचारावे. कारण एक पर्याय कमी दिसला की माणूस 'नेहमीचे'वर खूण करून मोकळा होतो आणि त्या दिवशी काउंटरवर येऊन विचारतो, "यात लसूण आहे का हो?"

रात्रीच्या प्रश्नात आहाराबरोबर वेळही घालावी: जैन, सूर्यास्तापूर्वी; जैन, आठ वाजता; कांदा-लसूण नसलेले, आठ वाजता; नेहमीचे, आठ वाजता; उपवास सोडणार, चंद्रोदयानंतर; मी नाही. रविवारी दुपारी चिकन ठेवायचे असेल तर "मांसाहार चालतो का" असे विचारू नका. "रविवारी दुपारी चिकन घेणार का" असे विचारा. 'चालतो' म्हणणारे आणि 'घेणार' म्हणणारे यांत बरेच अंतर असते. आपल्या उदाहरणात 'चालतो' म्हणणारे ८८ असतील तर 'घेणार' म्हणणारे ७१ निघतात. चिकन मोजून तुकड्यांवर वाढले जाते आणि ताटाचा दरही जास्त असतो, त्यामुळे हा १७ चा फरक थेट पैशांत दिसतो.

ॲलर्जीसाठी शेवटी एक मोकळी ओळ: "एखादा पदार्थ खाल्ल्याने त्रास होतो का? कोणता?" या उत्तरांची बेरीज करायची नाही, नावानिशी यादी करायची. तिच्याकडे आपण नंतर येऊ.

आणि एक पथ्य. व्हॉट्सॲप ग्रुपवर "जैन जेवण कोणाला हवे, हात वर करा" असा निरोप टाकू नये. कोणी अंगठा दाखवतो, कोणी 'मलाही' लिहितो, कोणी 'आम्ही दोघे' लिहितो, आणि चार दिवसांनी ते दोघे कोण हे कुणालाच सांगता येत नाही. ग्रुपवर फक्त फॉर्मचा दुवा आणि शेवटची तारीख.

एक तोंड, एक ओळ

उत्तरे शीटमध्ये आली की पहिले काम साफसफाईचे. तीच व्यक्ती दोनदा फॉर्म भरते, कारण पहिल्यांदा गेला की नाही याची खात्री नसते किंवा मधे बेत बदललेला असतो. मोबाईल क्रमांकावरून दुहेरी ओळी शोधाव्यात. कुणी पुढे ९१ लावतो, कुणी शून्य, म्हणून आधी शेवटचे दहा आकडे वेगळ्या रकान्यात काढून घ्यावेत. शीटचे नाव `list` आणि मोबाईल क्रमांक B रकान्यात आहेत असे धरले, तर J आणि K या मोकळ्या रकान्यांत:

```
J2:  =RIGHT(B2,10)
K2:  =COUNTIF(J$2:J$300,J2)
```

K मध्ये २ किंवा जास्त दिसले की ती ओळ तपासायची. वेळेने नंतरची ओळ ठेवायची, आधीची काढायची. क्रमांकात मधे मोकळी जागा असेल तर ती आधी पुसावी, नाहीतर दहा आकडे चुकीचे निघतात. मात्र पती-पत्नींनी एकच क्रमांक दिलेला असू शकतो. नाव पाहिल्याशिवाय ओळ काढू नये. आणि 'सोबत पत्नी' असे शेऱ्यात लिहिलेले असेल तर तिच्यासाठी स्वतंत्र ओळ, तिच्या स्वतःच्या उत्तरांसह. पती संकष्टी करत नाही म्हणून पत्नीही करत नाही, असे धरून चालत नाही.

मग प्रत्येक जेवणाच्या रकान्यात लांबलचक पर्यायाऐवजी एकेक ठरलेला शब्द आणावा, शनिवार दुपारसाठी असे: फराळ, जैन, विनाकांदा, साधे, नाही. हे शब्द हाताने लिहू न देता यादीतून निवडायला लावावेत. 'साधे' आणि 'साधं' हे शीटला दोन वेगळे शब्द वाटतात. शनिवार दुपार D रकान्यात असेल तर मोजणी इतकी सोपी:

```
=COUNTIF(list!D$2:D$300,"फराळ")
```

पाचही शब्दांची बेरीज एकूण ओळींइतकी आलीच पाहिजे. एक जरी कमी आली तर कुठेतरी रिकामा चौकोन किंवा चुकलेला शब्द आहे. ही पडताळणी प्रत्येक जेवणासाठी वेगळी करावी. आकडे चुकतात ते बहुधा इथेच, आणि बेरीज न जुळवता पुढे गेले तर चूक थेट केटररच्या पातेल्यात उतरते.

उत्तर न देणारे

फॉर्म तीन आठवडे आधी पाठवावा आणि कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी बंद करावा. आपल्या उदाहरणात तेव्हा १७८ ओळी आल्या, त्यातल्या सहा दुहेरी, म्हणजे १७२ माणसे. उरलेल्या ४८ जणांना फोन. निरोपाला उत्तर न देणारा माणूस फोनवर अर्ध्या मिनिटात उत्तर देतो, फक्त प्रश्न ठोस हवा. "सर, जेवणाचं काय?" असे विचारले की "काहीही चालेल" असे उत्तर येते. स्वयंसेवकाने असे विचारावे: "नमस्कार सर, अधिवेशनाच्या जेवणासाठी फोन केला होता. शनिवारी संकष्टी आहे, दुपारी तुमच्यासाठी फराळ ठेवू की जेवण? आणि रात्री थांबणार आहात ना?" बोलता बोलताच शीटमध्ये भरायचे, वहीत लिहून नंतर चढवायचे म्हटले की दोन-तीन नावे राहतात.

फोनवर ३२ जण सापडले. आता २०४ जणांची उत्तरे आहेत आणि १६ जण अजूनही गप्प. या सोळांना बाकीच्यांच्या प्रमाणात फराळ, जैन वगैरे वाटून देण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. ज्याला वेगळे ताट लागते तो सहसा स्वतःहून कळवतो, कारण न कळवल्यास उपाशी राहायची वेळ त्याच्यावर येते. गप्प राहिलेला माणूस बहुतेक वेळा साधे जेवणारा असतो किंवा न येणारा असतो. म्हणून या सोळांना लॉजच्या यादीशी ताडून पाहावे. त्यातल्या तिघांची खोली राखलेली आहे, ते येणार. उरलेल्या तेरांपैकी पाच धरले. एकूण आठ, सगळे 'साधे'.

आता ज्यांना फॉर्म गेलाच नाही ते: स्वयंसेवक, ध्वनियंत्रणेची मुले, छायाचित्रकार, पाहुण्यांच्या गाड्यांचे चालक, सुरक्षारक्षक. आपल्या उदाहरणात असे २५ जण. यांना शेवटी 'जे उरेल ते' अशा हिशेबात ठेवणे अजिबात योग्य नाही. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याचे ताट आधी मोजले गेले पाहिजे, आणि त्यांनाही उपवास असतो. विचारल्यावर कळले की पंचविसांपैकी तिघांची संकष्टी आहे.

शनिवार दुपारचे गणित

२०४ पैकी १८८ जण शनिवारी दुपारी जेवायला आहेत. त्यांत फराळ ४१, जैन २३, कांदा-लसूण नको म्हणणारे ९, साधे ११५.

पहिली पायरी, एकत्र करता येईल ते एकत्र करणे. जैन जेवण कांदा-लसूण न खाणाऱ्यालाही चालते. उलट चालत नाही. म्हणून नऊ जणांसाठी तिसरे पातेले न लावता त्यांना जैन काउंटरवर आणावे: २३ आणि ९, मिळून ३२. फराळ मात्र कुणातच मिसळत नाही. त्यात बटाटा असतो, रताळे असते, म्हणून तो जैन ताटाची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी पायरी, फॉर्मबाहेरचे मिळवणे. कामावरच्या मंडळींतले तीन फराळात, बावीस साध्यात. गप्प सोळांतले आठ साध्यात. आता फराळ ४४, जैन ३२, साधे १४५, एकूण २२१.

तिसरी पायरी सर्वांत नाजूक: आकडा वर न्यायचा की खाली. इथे बरेच आयोजक सगळ्यांवर सरसकट दहा टक्के चढवतात. त्याऐवजी एकच प्रश्न विचारावा: हे ताट कमी पडले तर वेळेवर भरून काढता येईल का? साधे जेवण कमी पडले तर भात लावता येतो, पोळ्या वाढवता येतात, जैन काउंटरवरची भाजीही इकडे देता येते. फराळाचे तसे नाही. साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागतो. दुपारी बारा वाजता तो वाढवता येत नाही. जैन भाजीचेही तेच, कारण स्वयंपाकघरातले तयार वाटण कांदा-लसणाचे असते आणि नव्याने रस्सा करायला वेळ लागतो. म्हणून वेगळी ताटे वर न्यावीत, साधी ताटे खाली.

फराळ ४४ चे ४८ केले. हे चार कोणासाठी? सकाळी घरून फोन आल्यावर "अरे, आज संकष्टी!" असे आठवणाऱ्यांसाठी. असे लोक प्रत्येक संकष्टीला असतात. जैन ३२ चे ३४. साध्या १४५ मधून गैरहजेरी वजा केली. आधीच्या कार्यक्रमांत जमा झालेल्या कूपनांवरून असे दिसत आले की बाहेरगावहून येऊन राहणारे जवळपास सगळे जेवतात, पण नाशिकमधल्यांपैकी साधारण सातांत एक जण त्या दिवशी येतच नाही. साध्यात स्थानिक ५६, म्हणजे आठ वजा: १३७. केटररला द्यायचा आकडा ४८ अधिक ३४ अधिक १३७, एकूण २१९.

हा सातांत एक तुमच्या कार्यक्रमाला लागू होईलच असे नाही. फी भरून येणाऱ्यांची गैरहजेरी कमी असते, मोफत कार्यक्रमाला बरीच जास्त. स्वतःचा आधीचा हिशेब नसेल तर साध्यातून काहीच वजा करू नये आणि यंदा कूपने जपून ठेवावीत.

रात्र: तीन वेळा, एक जेवण

शनिवारी रात्री २०४ पैकी १५१ जण आहेत. जैन १९, त्यातले १२ सूर्यास्तापूर्वी आणि ७ आठ वाजता. कांदा-लसूण नको म्हणणारे ७. उपवास सोडणारे ३०. साधे ९५. कामावरचे दहा जण थांबतात, त्यांतले दोन उपवासाचे. गप्प सोळांपैकी लॉजवर राहणारे तीन, साधे.

साडेपाचला १२ जैन ताटे. आठला जैन काउंटरवर ७ आणि ७ मिळून १४, साधे ९५, ८ आणि ३ मिळून १०६. सव्वानऊला ३० आणि २ मिळून ३२. एकूण १६४. आठच्या जैन काउंटरवर दोन वाढवून आकडा १६६ दिला.

या ३२ जणांबद्दल केटररशी नीट बोलावे लागते. पुष्कळ घरांत संकष्टी सोडताना कांदा-लसूण चालत नाही; वरणभात, तूप, लिंबू, बटाट्याची सुकी भाजी, पोळी आणि मोदक असे ताट असते. म्हणून हे ताट साध्या पातेल्यातले धरू नये. शिवाय आठ वाजता जेवणारे नऊपर्यंत भाजी संपवतात आणि सव्वानऊला बसणाऱ्यांना तळ उरतो. उपाय असा की त्यांचे जेवण आठ वाजताच वेगळे काढून झाकून ठेवायचे आणि पोळ्या मात्र नऊनंतर गरम करायच्या. वाढपी साडेदहापर्यंत थांबतील हेही करारातच ठरवावे, कारण नऊ वाजता काउंटर उचलायची बऱ्याच ठिकाणी सवय असते. दुपारी आयत्या वेळी फराळाकडे वळलेले चौघे रात्री आठऐवजी सव्वानऊला येतील. एकूण आकडा बदलत नाही, पण राखून ठेवायचे जेवण ३६ जणांचे हवे.

केटररला एक कागद

केटररला फोनवर आकडे सांगू नयेत. एकच कागद, प्रत्येक जेवणाची एक ओळ. शनिवारचा असा:

| जेवण व वेळ | फराळ | जैन | साधे | संकष्टीचे ताट | एकूण |
|---|---|---|---|---|---|
| दुपार, १ वाजता | ४८ | ३४ | १३७ | – | २१९ |
| संध्याकाळ, ५.३० | – | १२ | – | – | १२ |
| रात्र, ८ वाजता | – | १६ | १०६ | – | १२२ |
| रात्र, ९.१५ | – | – | – | ३२ (३६ चे राखावे) | ३२ |

हा कागद दोनदा जातो. चार दिवस आधी अंदाज म्हणून, ज्यावर तो माणसे आणि भांडी ठरवतो. आणि ४८ तास आधी पक्का, ज्यावर किराणा आणि भाजी घेतली जाते. पक्का आकडा गेल्यानंतर येणारे बदल एकाच माणसाने केटररच्या एकाच माणसाला कळवावेत. अध्यक्षांनी वेगळा फोन, खजिनदारांनी वेगळा, असे झाले की दोन आकडे फिरू लागतात.

दराबद्दल तीन गोष्टी लेखी हव्यात. हमीचा आकडा कोणता, म्हणजे इतक्या ताटांचे पैसे माणसे आली नाहीत तरी द्यायचे. हमीच्या वर किती ताटांची तयारी तो ठेवतो आणि त्या ताटांचा दर काय. आणि फराळाच्या ताटाचा दर वेगळा आहे का.

पदार्थांच्या सूचना त्याच कागदाच्या मागे लिहाव्यात. फराळात हळद, मोहरी, हिंग नाही. कोथिंबीर आणि जिरे काही घरांत चालतात, काहींत नाही, म्हणून कोथिंबीर वरून न भुरभुरता बाजूला वाटीत. खिचडीच भरपेट द्यायची तर किलोभर साबुदाणा दहा-बारा जणांना पुरतो. सोबत भगर आणि दाण्याची आमटी असेल तर कमी लागतो. दोन किलो भगर कोरडी शिल्लक ठेवायला सांगावे. फराळाला माणसे वाढली तर वेळेवर होणारा पदार्थ तोच, वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो. जैन ताटात बटाट्याबरोबर गाजर, बीट, मुळा आणि ओले आलेही नाही, हे आचाऱ्याला स्पष्ट सांगावे लागते. आल्याचा विसर सर्रास पडतो. रविवारी नाश्त्याला मिसळ ठेवायची इच्छा नाशिकमध्ये होणारच. पण जैन मंडळींसाठी नुसता बिनकांद्याचा कट पुरत नाही. फरसाणात लसूण असू शकतो आणि कडक पाळणारे मोड आलेली मटकीही खात नाहीत. त्यांना कांदा-बटाटा न घातलेला उपमा द्यावा आणि त्याची ताटे रविवारच्या ओळीत वेगळी मोजावीत.

नावानिशी यादी

ॲलर्जीच्या ओळीत कुणी 'शेंगदाणे' लिहिले असेल तर त्या व्यक्तीला स्वतः फोन करावा. नुसती नावड आहे, खाज येते की श्वास अडकतो, हे विचारावे. शेंगदाण्याचा कूट महाराष्ट्रातल्या स्वयंपाकात कुठेही असतो: खिचडीत, आमटीत, भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, चटणीत. गंभीर त्रास होणाऱ्यासाठी 'कूट वरून घालू नका' एवढे पुरत नाही. झारा, कढई आणि तेलही वेगळे लागते, आणि केटरर ती हमी देऊ शकत नसेल तर ते त्या व्यक्तीला आधीच प्रामाणिकपणे सांगावे, म्हणजे ती आपली सोय करेल. गव्हाचा त्रास असलेल्यांसाठी लक्षात ठेवायचे म्हणजे बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा पीठ असते. अशा व्यक्तींची नावे, पदार्थ आणि जेवणाच्या वेळा यांची चिठ्ठी आचाऱ्याच्या हातात द्यावी आणि त्या दिवशी त्या व्यक्तीची आचाऱ्याशी गाठ घालून द्यावी.

कूपन

गरम साबुदाण्याची खिचडी समोर दिसली की उपवास नसलेलाही वाटीभर घेतो, त्यात त्याचा दोष नाही. पण ४८ जणांचा फराळ असा अर्ध्या तासात संपतो आणि दीड वाजता आलेल्या उपवासाच्या माणसाला काही उरत नाही. म्हणून वेगळ्या ताटांना कूपन हवेच. नोंदणीच्या पाकिटातच प्रत्येक जेवणाचे कूपन घालावे, फराळाचे पिवळे, जैनांचे हिरवे, साध्याचे पांढरे, वर जेवण आणि वेळ छापलेली. फराळाची ४४ कूपने पाकिटांत जातात, वाढीव चार नोंदणीच्या टेबलावर राहतात. आयत्या वेळी संकष्टी आठवलेल्याने तिथे पांढरे देऊन पिवळे घ्यायचे. ती बदलाबदल सकाळी अकरापर्यंतच. अकरा वाजता टेबलावरून आचाऱ्याला निरोप जातो: पिवळी इतकी गेली. चारही गेली आणि आणखी माणसे उभी असतील तर राखलेली भगर चुलीवर चढवायची वेळ तीच.

फराळाचा काउंटर मुख्य रांगेपासून लांब, शक्यतो दुसऱ्या भिंतीला लावावा आणि तिथे कूपन घेणारा स्वयंसेवक उभा करावा. वाढप्याला हे काम देऊ नये. तो कुणाला नाही म्हणू शकत नाही. पावणेदोननंतर, उपवासाची सगळी मंडळी जेवून झाल्यावर, उरलेली खिचडी सगळ्यांना खुली करावी.

प्रत्येक काउंटरवर कूपनांचे बंद खोके असावे आणि जेवण संपल्या संपल्या केटररच्या माणसासमोर ती मोजावीत. मोजलेला आकडा, हमीचा आकडा आणि उरलेल्या पातेल्यांचा अंदाज एका ओळीत लिहून दोघांनी सही करावी. बिल रविवारी संध्याकाळी याच ओळींवरून करायचे: हमी किंवा प्रत्यक्ष, जे जास्त ते. नंतर त्याच शीटमध्ये प्रत्येक जेवणासमोर 'सांगितले' आणि 'जेवले' असे दोन रकाने भरावेत, स्थानिक आणि बाहेरगावचे वेगळे करून. त्यासाठी कूपनावर नोंदणी क्रमांक छापलेला असला पाहिजे. कोरे कूपन मोजता येते, पण कोण आले नाही हे सांगत नाही.